लोण्याची परतीची वाट

केक पोहोचवून घरी आलं की आपलं काम संपलं, असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. एकदा केकचा स्टँड परत आणायला दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरी गेले, तर ओट्यावर रात्रीच्या बश्या तशाच पडलेल्या. केक सगळ्यांनी खाल्ला होता. पण जवळजवळ प्रत्येक बशीच्या कडेला आयसिंगचा एक ढीग नीट खरवडून सारून ठेवलेला. मी तासभर पाकळी पाकळी करून काढलेली गुलाबाची फुलं तर अख्खीच्या अख्खी. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "केक छान होता हो, पण वरचं फार गोड. पोरांनीसुद्धा खाल्लं नाही." तो 'पोरांनीसुद्धा' मला घरी येईपर्यंत पुरला.

मी पुण्यात घरूनच केक करते. तेव्हा माझ्याकडे दोनच आयसिंगं होती. एक म्हणजे विकत मिळणारं व्हिप टॉपिंग. वनस्पती तेलाचं, आधीच गोड केलेलं, फेटलं की भराभर फुगणारं. हलकं असतं, पण दुधालोण्याची चव त्याला नसते आणि खाल्ल्यावर टाळूला एक पातळ थर चिकटून राहतो. दुसरं साधं बटरक्रीम. अर्धा किलो बटरला एक किलो आयसिंग शुगर घालून फेटायचं की झालं. म्हणजे तीन घास खाल्ले तर त्यातले दोन निव्वळ साखरेचे. साखर कमी करून बघितली, तर फुलं उभी राहीनात आणि कडेच्या रेषा ढासळायला लागल्या. तेव्हा लक्षात आलं की त्या आयसिंगमध्ये साखर नुसती चवीला नसते, बांधकामाला असते. विटा कमी केल्या तर भिंत कशी उभी राहणार? शिवाय एवढी साखर विरघळायला लागणारं पाणी बटरमध्ये नसतंच. त्यामुळे साखर कितीही बारीक दळलेली असली तरी जिभेवर एक किरकिर राहते.

केक शिकत असताना एका बेकरीत मी दोन महिने उमेदवारी केली होती. तिथल्या शेफनी एकदा अंड्याचं पांढरं आणि साखर गरम पाण्यावर तापवून, ते फेटून, त्यात बटर घालून आयसिंग केलेलं मी पाहिलं होतं. स्विस मेरिंग बटरक्रीम. साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याला मेरिंग म्हणतात आणि त्याच्या तीन रीती आहेत. कच्च्या पांढऱ्यातच साखर घालून फेटायची ती फ्रेंच, उकळता पाक धार धरून ओतायचा ती इटालियन, आणि साखर-पांढरं एकत्र करून वाफेवर तापवायचं ती स्विस. तेव्हा मला ती नसती उठाठेव वाटली होती. बश्या बघितल्यावर त्याच उठाठेवीकडे परत जावं लागलं.

माझं आजचं प्रमाण सांगते. सहा अंड्यांचं पांढरं, म्हणजे साधारण 180 ग्रॅम. आपल्याकडच्या अंड्यातून तीसेक ग्रॅम पांढरं निघतं, पण अंडी लहानमोठी असतात, म्हणून मी मोजत नाही, वजनच करते. त्याच्या दीडपट साखर, 270 ग्रॅम. आणि 450 ग्रॅम बिनमिठाचं बटर. वर चिमूटभर मीठ आणि दोन चमचे व्हॅनिला. हे सगळं मिळून 900 ग्रॅम भरतं आणि आठ इंची केकच्या थरांत भरून बाहेरून लिंपायला पुरतं. यात साखर किती? शंभरातले तीस. साध्या बटरक्रीममध्ये सहासष्ट. गोडाचा सगळा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

पण कागदावर सोपं दिसतं ते भांड्यात तसं राहत नाही. पहिल्यांदा केलं तो डिसेंबर होता. पांढरं आणि साखर तापवली, फेटली, छान चकचकीत पांढरा डोंगर उभा राहिला. बटर फ्रिजमधून काढून कापून घालत गेले. आधी डोंगर बसला. मग त्यात कण्या दिसायला लागल्या. मग कण्यांच्या भोवती पाणी सुटलं आणि भांड्यात चक्क चोथापाणी झालं. नासलेल्या दुधासारखं. जवळजवळ एक किलोचा ऐवज! मी तो सिंकमध्ये ओतायला उचलला, तेवढ्यात सासूबाई आत आल्या.

"अगं, टाकतेस काय? लोणी आलंय ते," त्या म्हणाल्या. "थांब, गार पाणी घाल थोडं, गोळा होईल."

त्यांचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेलासुद्धा. आमच्याकडे आठवडाभराची साय विरजून त्या अजून रवीनं घुसळतात. मी म्हटलं, "आई, मला गोळा नकोय. पाणी परत आत जायला हवंय."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग गार कशाला? कोमट लाव. थंडीत लोण्याची कणी एकजीव होत नाही तेव्हा आम्ही कोमटच पाणी घालतो."

मी पातेलं गरम पाण्याच्या वाफेवर अर्धा मिनिट धरलं, कडेचं जरासं वितळलेलं दिसल्यावर खाली घेतलं आणि पुन्हा मिक्सर लावला. दोन मिनिटं काहीच नाही. तिसऱ्या मिनिटाला मिक्सरचा आवाज बदलला, चळकचळक होत होतं ते घट्ट, भरीव यायला लागलं, आणि बघता बघता तो चोथा रेशमासारखा गुळगुळीत झाला. आम्ही दोघींनी बोट घालून चाखलं. त्या म्हणाल्या, "हे लोणीच आहे की. साखर घातलेलं."

त्या दिवसापासून हे आयसिंग मला ताकाच्या उलट कामासारखं दिसतं. साय घुसळताना काय होतं? पाण्यात स्निग्धाचे बारीक थेंब असतात, घुसळून ते एकमेकांवर आपटतात, चिकटतात, आणि लोणी वेगळं, ताक वेगळं होतं. बटरक्रीममध्ये आपल्याला नेमकं याविरुद्ध करायचं असतं. अंड्याच्या पांढऱ्यात दहातले नऊ भाग पाणीच. म्हणजे माझ्या 180 ग्रॅममध्ये एकशेसाठ ग्रॅमच्या वर पाणी. त्यात साखर विरघळलेली. बटरमध्ये स्वतःचं सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच. एवढ्या सगळ्या पाण्याचे थेंब पाऊण पेलाभर तरी त्या साडेचारशे ग्रॅम बटरनं पोटात घेऊन बसायचं आहे, आणि वर मेरिंगमधली हवाही सांभाळायची आहे. लोण्यानं एकदा सोडलेलं पाणी त्याला परत घ्यायला लावायचं. ते घेतं, पण त्याच्या अटीवर. बटर फार गार असेल तर ते कडक असतं, त्याच्या कण्या होतात, कणी काही पाणी धरत नाही. फार गरम असेल तर ते तेल होतं, मग हवा निसटते आणि सगळं सरबतासारखं वाहतं. मधली काही अंशांची जागा आहे, साधारण 21 ते 24 अंश, तिथं ते मऊही असतं आणि धरूनही ठेवतं. माझं सगळं कौशल्य म्हणजे त्या जागेवर पोहोचणं.

आता तापवण्याबद्दल, कारण तिथं मी दोन वर्षं एक चूक करत होते आणि ती चूक आहे हेच मला माहीत नव्हतं.

पातेल्यात दोन बोटं पाणी घ्यायचं आणि मंद आचेवर नुसतं थरथरतं ठेवायचं. त्यावर स्टीलचं वाडगं असं बसवायचं की त्याचा तळ पाण्याला लागणार नाही, फक्त वाफ लागेल. पाणी लागलं तर तळाशी पांढऱ्याची भुर्जी होते आणि नंतर गुळगुळीत आयसिंगमध्ये रबरासारखे तुकडे सापडतात. वाडगं आधी लिंबाच्या फोडीनं पुसून कोरडं करायचं. तेलाचा ओशटपणा किंवा बलकाचा एवढासा ठिपका राहिला तरी पांढरं नीट फुगत नाही. म्हणून मी प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडते. सहावं अंडं फुटताना बलक फुटला तर आधीची पाच वाया जायला नकोत.

साखर मी मिक्सरच्या लहान भांड्यातून दोनदा फिरवून घेते. आपली साखर दाणेदार असते, तशीच घातली तर विरघळायला फार वेळ लागतो. पण विकतची आयसिंग शुगर इथं चालत नाही, तिच्यात कॉर्नफ्लोअर असतं आणि ते खडूसारखं जाणवतं. साखर आणि पांढरं वाडग्यात एकत्र आलं की हात थांबवायचा नाही. सुरुवातीला मिश्रण दाट, चिकट आणि तारेसारखं ओघळतं. तीनचार मिनिटांत ते सैल होतं, पांढरट होतं आणि वर बारीक फेस धरतं. तेव्हा चिमटीत थोडं घेऊन बोटं एकमेकांवर घासायची. कण लागला तर साखर राहिली आहे. गुळगुळीत लागलं की झालं.

मी इथंच थांबत होते. बोटांना कण लागला नाही की वाडगं उतरवायचं. शेफनी असंच दाखवलं होतं, निदान मी तसंच पाहिलं होतं. मग एका गिऱ्हाइकानं विचारलं, "यात अंडं कच्चं तर नाही ना? सून गरोदर आहे." मी ठणकावून सांगितलं, शिजवलेलं असतं. फोन ठेवला आणि मनात आलं, किती शिजवलेलं? दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला. चिमटीला कण लागेनासा झाला तेव्हा तो घालून बघितला, तर काटा 54 वर. साखर विरघळली होती, अंडं शिजलं नव्हतं. साल्मोनेला मारायला अंड्याचे पदार्थ 71 अंशांपर्यंत तापवावेत असा अमेरिकेतल्या सरकारी अन्नखात्यांचा सल्ला आहे, आणि मी तिथून सतरा अंश खाली थांबून 'शिजवलेलं' म्हणत होते. त्या बाईंना फोन करून सांगितलं की केकवर आज दुसरं आयसिंग करते. कारणही सांगितलं. त्या नाराज झाल्या नाहीत, पण मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

चिमटीची परीक्षा खोटी नाही. ती साखरेबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. मी तिला अंड्याबद्दलचा प्रश्न विचारत होते, एवढंच.

आता मी 72 अंशांपर्यंत नेते. इथं एक शंका कुणालाही येईल, मलाही आली होती. अंड्याचं पांढरं साठ अंशांच्या जरा वर गेलं की गोठायला लागतं, मग ते 72 ला पातळ कसं राहतं? साखरेमुळे. पांढऱ्यातली प्रथिनं एकमेकांना पकडायला लागतात त्यात साखर आडवी येते आणि गोठणं वरच्या तापमानावर ढकललं जातं. म्हणून 'आणखी कमी गोड करा ना' असं कुणी म्हटलं तरी मी दीडपटीच्या खाली उतरत नाही. साखर कमी केली की तापवतानाच गुठळ्या व्हायला लागतात आणि फेटलेला डोंगरही लेचापेचा होतो. कमी गोडाला इथंही एक तळ आहे, फक्त तो पहिल्या आयसिंगपेक्षा पुष्कळ खाली आहे.

उतरवलं की लगेच फेटायचं. वाडगं मिक्सरला लावून वेगात दहा मिनिटं तरी. आधी दुधासारखा फेस, मग दाट, मग चकचकीत आणि शेवटी फेटणं उचललं की टोक ताठ उभं राहतं. नवी मंडळी इथं फसतात. टोक उभं राहिलं की मेरिंग तयार, हे खरं, पण ते बटरसाठी तयार नसतं. ते अजून गरम असतं. बटर वितळायला साधारण 32 अंश पुरतात. म्हणून मिक्सर चालूच ठेवायचा, भांड्याचा तळ हाताला अजिबात गरम लागेनासा होईपर्यंत. बटर तेव्हा बाहेर असं मऊ झालेलं हवं की बोट दाबलं तर खळगा पडेल, पण बोट तुपकट होणार नाही. ते सुपारीएवढे तुकडे करून एक एक घालायचं, आधीचं दिसेनासं झालं की पुढचं. निम्मं बटर जाईपर्यंत डोंगर बसतो, पातळ होतो आणि आपण बिघडवलं असं वाटतं. तसं वाटलं तरी हात आवरायचा नाही. बहुतेक वेळा शेवटचे चार तुकडे जाताना ते जमतं.

बटरही कुठलंही चालत नाही. खारं पिवळं बटर वापरलं तर आयसिंग खारट होतं आणि पांढऱ्यावर पिवळी झाक येते. एकदा सासूबाईंच्या आग्रहानं घरचं ताजं लोणी घातलं. चव अशी की वाटीनं खावं. पण घरच्या लोण्यात ताक किती राहिलंय ते दर खेपेला वेगळं. ते आयसिंग दोन तासांत कडेनं पाझरायला लागलं. ज्यानं आधीच पोटभर पाणी धरून ठेवलंय त्याला आणखी किती पाजणार? आई म्हणाल्या, "मग ते आम्हालाच खाऊ दे, भाकरीबरोबर."

आता मे महिन्याची गोष्ट. एका काकांच्या साठीचा केक होता, रविवारी संध्याकाळी पाचला द्यायचा. मी सकाळी अकराला आयसिंग करायला घेतलं. पंखा बंद, कारण गॅस. स्वयंपाकघरात 36 अंश. मिश्रण 72 पर्यंत तापवलं, फेटायला लावलं, वीस मिनिटं फेटलं. तळाला हात लावला, गरम लागेना. बटर बाहेर ठेवून पंधराच मिनिटं झाली होती, पण ते मऊ होतं. घालायला सुरुवात केली. पाचव्या तुकड्यापासून मिश्रण पातळ होत गेलं, मला वाटलं नेहमीचंच, जमेल. सगळं बटर गेलं आणि भांड्यात पांढरं सरबत. चमच्यानं ओतता येईल असं.

थर्मामीटर घातला. 33.

हाताला तळ गरम लागला नाही, कारण त्या दिवशी माझा हातच तेवढा गरम होता. हात तापमान सांगत नाही. हात फक्त सांगतो की समोरची वस्तू आपल्यापेक्षा गरम आहे की गार. डिसेंबरात ते चालून जातं. मे महिन्यात आपणच तापलेल्या भांड्याएवढे असतो आणि फरक काही जाणवत नाही. आणि 36 अंशांच्या खोलीत मेरिंग वीस मिनिटं काय, दोन तास फेटलं असतं तरी 36 च्या खाली कसं जाणार होतं? ते 33 वर आलं तेसुद्धा गार बटरमुळे.

या वेळी टाकायला उचललं नाही. वाडगं फ्रीझरमध्ये ठेवलं, दर पाच मिनिटांनी कडा खरवडून आत ढवळल्या, कारण कडेचं आधी घट्ट होतं आणि मधलं तसंच राहतं. वीस मिनिटांनी मधोमध 22 अंश झाले. बाहेर काढून फेटायला लावलं. आधी सरबत जाड झालं, मग फुटलं, चोथापाणी दिसायला लागलं. डिसेंबरात मला याच रूपाची भीती वाटली होती, आता बघून हायसं वाटलं, कारण सरबताकडून रेशमाकडे जाताना हे गाव वाटेत लागतंच. आणखी तीन मिनिटं, मिक्सरचा आवाज भरीव झाला आणि आयसिंग जमलं. शेवटी अगदी हळू वेगावर दोन मिनिटं फिरवून आतले मोठे बुडबुडे काढले, नाहीतर केकच्या बाजूला लिंपताना भोकं पडतात. तीन चमचे हापूसचा रस मी आदल्या रात्रीच आटवून निम्मा केला होता, तो त्यात घातला. रस आटवल्याशिवाय घालायचा नाही, आणखी पाणी घालायला जागा नसते.

तेव्हापासून मे महिन्यात मी पहाटे पाचला काम सुरू करते. परातीत पाणी आणि बर्फ घालून त्यात वाडगं बसवते आणि हातमिक्सरनं फेटते, आणि तळाला हात न लावता थर्मामीटर लावते. 26 अंश झाल्याशिवाय बटरचा एकही तुकडा नाही. तरी या आयसिंगची मर्यादा आहे ती आहे. खोली अठ्ठावीस अंशांच्या वर गेली की ते मऊ पडायला लागतं, आणि बागेत, मांडवात, पंख्याखाली ठेवायचा केक असेल तर मी सरळ नाही म्हणते. तिथं व्हिप टॉपिंगही पाघळतंच, पण निदान बटर वाहून खाली साठत नाही.

थंडीची आणखी एक भानगड केक पोहोचवल्यानंतरची. एका घरी पहिल्यांदा हे आयसिंग पाठवलं, तर रात्री मेसेज आला, 'बटरचा लगदा खाल्ल्यासारखं लागलं.' मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. त्यांनी केक फ्रिजमधून काढला आणि लगेच कापला होता. फ्रिजमध्ये बटर जसं होतं तसंच हे होतं, दगडासारखं, आणि गार स्निग्धाची चव जिभेला कळतच नाही, फक्त तुपकटपणा कळतो. आता डब्यावर चिठ्ठी लावते: कापण्याआधी एक तास बाहेर, थंडीत दोन तास. एवढ्यानं तक्रारी जवळजवळ थांबल्या.

दुसरी चिठ्ठी अंड्याची. ती का आली ते सांगायलाच हवं. एका घरचा केक बिनअंड्याचा हवा होता, घरात आजोबांचं श्रावणी सोमवारचं व्रत. केक मी कंडेन्स्ड मिल्कचा केला, अंड्याशिवाय. बाईंनी फोनवर विचारलं, "एगलेस आहे ना?" मी म्हटलं, हो. आणि रात्री साडेदहाला केकवर शेवटची रेघ मारताना ओट्यावरच्या वाटीत सहा बलक दिसले. मी केक बिनअंड्याचा केला होता आणि त्यावर सहा अंडी लिंपून ठेवली होती. आयसिंग एवढं पांढरं, एवढं लोण्यासारखं होतं की मला त्यात अंडं दिसतच नव्हतं. सगळं खरवडलं तरी सच्छिद्र केकमध्ये थोडं राहणार, म्हणून केकही नव्यानं भाजला. पहाटे तीन वाजले. त्या बाईंना मी हे कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसानंतर बिलाच्या सगळ्यात वरच्या ओळीत 'आयसिंगमध्ये अंडं आहे' असं लिहिते. आपल्याकडे नियमानं अंडं मांसाहारात मोडतं, आणि नियमापेक्षाही ज्याचा सोमवार मोडतो त्याच्या लेखी ते मोठं असतं. ऑर्डर घेताना मी आता केकबद्दल वेगळं आणि आयसिंगबद्दल वेगळं विचारते.

ते सहा बलक? सकाळी कांदा घालून भुर्जी. आमच्या घरात माझ्या धंद्याचा हिशेब भुर्जीवरून लागतो. सलग तीन दिवस झाली की मुलगा विचारतो, "आई, ऑर्डर वाढल्या का गं?"

साठीच्या त्या केकचा स्टँड आणायला मी सोमवारी गेले. बश्या धुऊन झाल्या होत्या, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता. काकू म्हणाल्या, "आंब्याचं श्रीखंड लावलं होतंत का वरून?" मी म्हटलं, नाही, बटर. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

घरी आले तर सासूबाई ओट्याशी साय घुसळत होत्या. उन्हामुळे लोणी ढिलं पडलं होतं, गोळा होत नव्हता. त्यांनी न विचारता माझ्या परातीतले उरलेले बर्फाचे खडे उचलून भांड्यात टाकले आणि रवी फिरवली. लोणी वर आलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं ते यंत्र आण बरं. मला बघू दे, मी किती अंशांना काढते ते."

थर्मामीटर घातला. काटा सोळावर थांबला. त्यांनी मान हलवली, जणू तोच आकडा त्यांना अपेक्षित होता, आणि लोण्याचा गोळा पाण्यात सोडला.